‘तुम्हीच वेळ सांगा’ की ‘या दोन वेळा चालतील?’

आपणच ठरवलेली भेट आपणच बदलायची, तेव्हा दोन तऱ्हेचे मेसेज जातात. दोन्हींत माफी असते, दोन्ही नम्र वाटतात, पण समोरच्याच्या वाट्याला येणारं काम मात्र सारखं नसतं.

समजा, पणजीतल्या एका दुकानदाराने फोंड्याच्या मसालेवाल्या नाईकबाबांना मंगळवारी, 2 डिसेंबरला सकाळी 11 वाजता बोलावलंय. शनिवारी त्याला कळतं, की मंगळवारी दुकानाचे हिशेब तपासायला माणूस येणार. तो लिहितो: ‘नाईकबाब, सॉरी, मंगळवारी जमणार नाही. तुमच्या सोयीने कधीही सांगा.’

ऐकायला किती अदबशीर! पण आता आठवडा चाळायचा नाईकबाबांनी, आणि सुचवलेली वेळ दुकानदाराला जमेल की नाही तेही ठाऊक नाही. ते ‘बघूया’ म्हणतात आणि विषय तिथेच राहतो.

दुसरी तऱ्हा अशी:

‘नाईकबाब, मंगळवारची भेट मीच मागितली होती आणि आता मलाच बदलावी लागतेय. त्या दिवशी हिशेब तपासायला माणूस येतोय. तुम्ही सकाळ मोकळी ठेवली असेल, माफ करा. गुरुवारी 4 तारखेला सकाळी साडेदहा किंवा शनिवारी 6 तारखेला संध्याकाळी साडेचार चालेल? दोन्ही वेळा सोमवार संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो. या खेपेला मीच फोंड्याला येतो.’

कारण एका ओळीत आटोपलंय. ते लांबलं की सफाई दिल्यासारखं वाटतं. तसदीची भरपाई माफीच्या शब्दांनी नाही, फोंड्याला जाण्याने होते.

खरी मेहनत वेळा निवडण्यात आहे. बुधवारी, 3 तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, सुट्टी, आणि फोंडा-पणजी रस्ता तिथूनच जातो. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, नाईकबाबांचा माल तिथे जातो. दुपारी दोनची वेळ तर गोव्यात कुणी देऊच नये, शटर खाली असतं. उरलेल्यांतून एक सकाळ आणि एक संध्याकाळ द्यावी. गुरुवारचेच साडेदहा आणि साडेअकरा दिले तर ती एकच वेळ झाली, गुरुवार अडला की दोन्ही गेल्या. पाच-सहा वेळाही देऊ नयेत. तेवढ्या राखून ठेवणं होत नाही, आणि त्यांनी निवडलेली नेमकी भरलेली निघाली तर पुन्हा माफी मागण्याची पाळी येते.

‘तुम्हीच सांगा’ शोभतं कुठे? समोरच्याची डायरी त्याचा पीए सांभाळत असेल तिथे. किंवा आपण एकदा वेळ बदलून दुसऱ्यांदाही चुकवली असेल तेव्हा. पण मग मेसेज न करता फोन करावा आणि ते म्हणतील त्या वेळेला जावं.