शाळेच्या फ्लास्कमधलं जेवण मधल्या सुट्टीपर्यंत खरंच किती गरम राहतं?

शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांच्या ग्रुपवर स्टीलच्या फ्लास्कचे फोटो फिरायला लागतात आणि प्रत्येक खोक्यावर एकच दावा असतो, '१२ तास गरम'. हे बारा तास बहुतेक वेळा मोठ्या, अरुंद तोंडाच्या बाटलीत काठोकाठ भरलेल्या उकळत्या पाण्याचे असतात, आणि बारा तासांनी 'गरम' म्हणजे किती अंश हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. मुलांच्या डब्याचा फ्लास्क असतो ३०० ते ५०० मिलिलिटरचा, तोंड चांगलं रुंद (चमचा आत जायला हवा ना), आणि आत आपण भरतो सकाळी केलेली खिचडी, जी भरेपर्यंत निम्मी वाफ स्वयंपाकघरात सोडून बसलेली असते. त्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा नाही, आपला आकडा आपणच काढायचा.

आधी धोका कुठे सुरू होतो ते बघू. गरम ठेवायचं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा असं एफएसएसएआयसुद्धा सांगते. आपण अन्न उकळतो तेव्हा जिवंत जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, उकळूनही टिकतात. भातातला बॅसिलस सिरियस आणि डाळी-मटणाच्या रश्श्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे त्यातले दोन नामांकित. अन्न कोमट झालं की ते जागे होतात. दुसऱ्याला तर ४३ ते ४७ अंशांची ऊब सगळ्यात जास्त मानवते आणि तिथे त्याची संख्या साधारण दहा-दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. ५० च्या वर त्याची वाढ जवळपास थांबते, म्हणजे ६० या आकड्यात दहा अंशांचं अंतर मुद्दाम राखलेलं आहे. अन्न ५८ अंशांवर आलं म्हणजे विष झालं असं नाही, पण ५० च्या खाली रेंगाळलं तर फ्लास्क म्हणजे जंतूंना वाढवणारी उबदार पेटीच, कारण तो अन्न पटकन गारही होऊ देत नाही.

आता माझा आवडता भाग. फ्लास्कला दोन भिंती असतात आणि मधे दोन-तीन मिलिमीटरची फट, जिच्यातली हवा काढून टाकलेली असते. ही कल्पना जेम्स ड्यूअर यांची, १८९२ सालची, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधली, आणि त्यांना त्यात डबा नाही तर द्रवरूप वायू गार ठेवायचे होते. हवा काढली की उष्णता जाणार नाही हे शाळेतच शिकतो आपण. पण किती हवा काढायची? अर्धी काढली तर गळती अर्धी होईल असं वाटतं, आणि तसं होत नाही! ९९ टक्के हवा काढली तरी त्या फटीतून हवेमार्फत जाणारी उष्णता जवळपास तेवढीच राहते.

कारण असं की हवेचे रेणू उष्णता हातोहात पुढे देतात, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग करून हंडे पुढे सरकवावेत तसे. रांगेतली निम्मी माणसं काढून टाकली तर उरलेला प्रत्येक जण हंडा घेऊन दुप्पट लांब चालतो आणि पाणी तेवढंच पोचतं. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आपटण्याआधी जेमतेम ७० नॅनोमीटर जातो, म्हणजे फटीच्या रुंदीच्या तीसेक हजाराव्या भागाइतकं. हवा विरळ करत गेलं की हे अंतर वाढत जातं, वाहक कमी पण प्रत्येकाची धाव लांब, हिशोब तिथल्या तिथे. हे कुठपर्यंत चालतं, तर रेणूची धाव फटीएवढी होईपर्यंत. त्या क्षणी दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या काही लाखांशांवर आलेला असतो. इथून पुढे धाव वाढू शकत नाही, कारण रेणू सरळ समोरच्या भिंतीवरच आपटतो, आणि आता प्रत्येक काढलेल्या रेणूबरोबर उष्णतेची गळती खरोखर कमी व्हायला लागते. म्हणून चांगल्या फ्लास्कमध्ये दाब त्याहूनही कितीतरी खाली नेतात, आणि धातूतून हळूहळू सुटणारा वायू शोषून घ्यायला आत एक छोटी गोळीही ठेवतात.

याचा घरगुती अर्थ असा की फ्लास्क थोडासा खराब होण्याची सोय फार कमी आहे. पडून तळाजवळची सील हलली आणि बारीकशी जरी हवा शिरली, तरी तो थेट साध्या दोन भिंतींच्या डब्यासारखा होतो आणि चार-पाच पट वेगाने गार पडतो. ओळखायचं कसं, तर उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. गळ्याजवळ जरा कोमट लागेल ते ठीक, पण अंगावर किंवा बुडाला गरम लागलं तर तो फ्लास्क पाणी प्यायला ठेवा, जेवणाला नको. आणि 'इन्सुलेटेड स्टील टिफिन' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत निर्वात फट नसतेच, स्टील आणि प्लास्टिकच्या मधे फोम असतो. ते वाईट नाहीत, पण त्यांचं काम तास-दोन तासांचं.

याच जागी एक गैरसमज. आतून तांब्याचा थर आहे म्हणून अन्नाला 'तांब्याचे गुण' मिळतात असं सांगून काही फ्लास्क विकतात. तो तांब्याचा थर किंवा पत्रा असतो आतल्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, निर्वात फटीत. त्याचं काम उष्णतेचे किरण परत आत फेकायचं. अन्नाचा आणि त्याचा स्पर्शच होत नाही, गुण कुठून येणार?

मग एवढं सगळं करूनही जेवण गार का होतं? कारण उष्णता आता मुख्यतः वरून जाते. गळ्यापाशी आतली भिंत बाहेरच्या भिंतीला जोडलेली असते, तिथल्या पातळ स्टीलमधून आणि झाकणातून. तोंड जितकं रुंद तितकी ही वाट मोठी. म्हणूनच पाण्याची बाटली १२ तास काढते आणि जेवणाचा फ्लास्क तिच्या जवळपासही जात नाही.

आता हिशोब. समजा ४०० मिलिलिटरचा बरा फ्लास्क आहे आणि घरात ३० अंश तापमान आहे. उकळतं पाणी भरून लगेच स्वयंपाकाच्या टोचायच्या थर्मामीटरने मोजलं तर ९२, पाच तासांनी उघडून मोजलं तर ६४. सुरुवातीला खोलीपेक्षा ६२ अंश जास्त होतं, शेवटी ३४ जास्त, म्हणजे पाच तासांत फरकाचा ५५ टक्के भाग उरला. (तासाला साधारण ११ टक्के फरक जातो असं धरलं तरी चालेल.) हा ५५ टक्क्यांचा आकडा म्हणजे तुमच्या फ्लास्कची कुंडली, एकदा काढली की झालं, फक्त पाच तास मधे झाकण उघडायचं नाही.

सकाळी ७ ला भरलं, १२ ला सुट्टी. मऊ खिचडी गॅसवरून थेट, ८८ अंशांवर भरली तर फरक ५८, त्याचे ५५ टक्के ३२, म्हणजे बाराला ६२ अंश. पास. तीच खिचडी थोडा वेळ ताटात पसरून ८० वर आल्यावर भरली तर बाराला ५७-५८. आणि कढईत राहिलेली, पोळ्या होईपर्यंत थांबलेली, ६५ ची खिचडी भरली तर दीड तासाच्या आत ६० च्या खाली आणि बाराला ४९. फ्लास्क तोच, मुलगी तीच, फरक फक्त भरायच्या वेळेचा. बरेच जण फ्लास्कला दोष देतात, खरं तर घोळ सकाळी ओट्यावरच झालेला असतो.

उकळतं पाणी घालून फ्लास्क आधी गरम करायचा सल्ला सगळे देतात. काठोकाठ भरलेल्या फ्लास्कमध्ये त्याने दोन-तीन अंशच वाचतात, कारण आतल्या पातळ स्टीलला तापायला फार उष्णता लागत नाही. पण ८० आणि ८८ च्या वरच्या हिशोबात दोन-तीन अंशसुद्धा मोलाचे आहेत, आणि अर्धा भरायचा असेल तर फायदा दुप्पट, तेव्हा पाच-दहा मिनिटं ठेवाच, झाकणासकट. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भरलेपणा. गळती गळ्यातून, ती तेवढीच राहते, पण आतला उष्णतेचा साठा निम्मा झाला तर अन्न जवळपास दुप्पट वेगाने गार होतं. लहान मुलाला थोडंच लागतं म्हणून ५०० च्या फ्लास्कमध्ये २०० भरण्यापेक्षा छोटा फ्लास्क घेऊन गच्च भरलेला बरा.

यावरून कुठला पदार्थ चालेल ते आपोआप कळतं. पाणी जास्त, हवेची पोकळी कमी, आणि गॅसवर उकळी आणून लगेच ओतता येईल असं काहीही. आमटी, सांबार, टोमॅटोचं सार, पातळसर मऊ खिचडी, गरम वरणात कालवलेला भात, उसळीचा रस्सा. मोकळा पुलाव यात कमी पडतो, शितांमधे हवा असते आणि वाढताना चमच्यागणिक वाफ जाते. पोहे, उपमा यांचंही तेच. पोळ्या तर फ्लास्कमध्ये घालूच नका, तीन पोळ्यांचा उष्णतेचा साठा इतका कमी की तास-दोन तासांत त्या कोमट होतात, वर स्वतःच्याच वाफेने ओल्या होतात. पोळी आणि सुकी भाजी साध्या डब्यात बरी, त्यांना गरम राहायची तेवढी गरज नाही. खीर, बासुंदी, दुधातलं काहीही नको, दूध बराच वेळ कोमट राहिलं की लवकर नासतं. कालचा रस्सा द्यायचा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये नुसता गरम करून नाही, कारण तिथे एक कोपरा उकळतो आणि दुसरा कोमट राहतो. पातेल्यात ढवळत पूर्ण उकळी आणा आणि मग भरा. कालचा भात मात्र मी देणार नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो.

एक व्यवहाराची अडचण. गरम भरून घट्ट लावलेलं झाकण दुपारपर्यंत अडकतं, कारण आतली वाफ थंडावून दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या हाताला ते उघडत नाही. झाकणावर हवा सोडायचं बटण असलेला फ्लास्क घ्या, आणि मुलांना सांगा की ६० अंशांची खिचडी तोंड भाजते, आधी झाकणात काढून दोन मिनिटं थांबायचं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र बाराची नाही, साडेतीनची. फ्लास्क अर्धा खाऊन परत येतो, आपण उघडून बघतो, 'अजून गरम आहे की', आणि संध्याकाळच्या भुकेला तेच मुलांना देतो. एकदा उघडलेला, निम्मा रिकामा, चमचा तोंडाला लागून परत आत गेलेला, आणि तापमान ४५ च्या आसपास, म्हणजे परफ्रिंजेन्सला हवं तेच. पुन्हा उकळलं तरी भाताच्या बाबतीत खात्री नाही, कारण बॅसिलस सिरियसचं उलटी आणणारं विष एकदा तयार झालं की उकळून जात नाही. काल बाहेर राहिलेला भात मी भरत नाही तो याचसाठी, आणि फ्लास्कमधून परत आलेलं उरलंसुरलं हाताला कितीही ऊन लागलं तरी टाकून देतो.