तीच जाहिरात पाचव्या आठवड्यात दुप्पट महाग का पडते

कोल्हापूरच्या एका ताईंचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे, त्यांच्या इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती मी बघतो. एक बावीस सेकंदांचा व्हिडिओ होता, डंकावर मिरची कुटतायत, लाल धुरळा उडतोय, मग ताटात ओतलेला मसाला. रोजचं बजेट २,००० रुपये, प्रेक्षक मुंबई-पुणे-ठाण्याच्या बायका. पहिल्या आठवड्यात एक ऑर्डर साधारण १९३ रुपयांना पडत होती, म्हणजे आठवड्याला ७२ ऑर्डरी, ताई एकदम खूश. पाचव्या आठवड्यात फोन आला, "दादा, अ‍ॅड बंद पडली का हो? ऑर्डरी निम्म्यावर आल्यात की!" अ‍ॅड चालूच होती, पैसेही तेवढेच जात होते, फक्त एक ऑर्डर आता ४०० रुपयांना पडत होती. मसाला तोच, भाव तोच, वेबसाइटवर आलेल्या शंभरातले तीन जण आधीही विकत घ्यायचे आणि आताही तीनच घेत होते.

मग बिघडलं काय? दोनच आकडे हलले होते. हजार वेळा जाहिरात दाखवायचा खर्च, म्हणजे सीपीएम, ११० वरून १३८ झाला, आणि बघून क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून १.१५ वर आलं. वेगवेगळे बघितले तर फार भयानक वाटत नाहीत, पण हे एकमेकांना गुणले जातात. आधी ११० रुपयांत १९ क्लिक मिळायचे, आता १३८ रुपयांत साडेअकरा. एक क्लिक पावणेसहा रुपयांवरून बारा रुपयांवर गेला आणि ऑर्डरचा खर्च दुप्पट झाला, इतकं सरळ गणित आहे.

क्लिक कमी झाले हे समजतं, लोकांनी बघून बघून झालं. पण दाखवायचा खर्च का वाढावा? खरी मेख इथे आहे. तुम्ही फोन उघडता तेव्हा तुम्हाला कुठली जाहिरात दिसणार याचा दर वेळी एक लिलाव होतो. त्या लिलावात नुसती बोली बघत नाहीत, बोलीला एका अंदाजाने गुणतात, की हा माणूस ही जाहिरात बघून हवी ती कृती करेल याची शक्यता किती, आणि त्यात जाहिरातीच्या दर्जाचे गुण मिळवतात. आता ज्या बाईने मिरचीचा धुरळा सहा वेळा बघून वर सरकवलाय तिच्याबाबत हा अंदाज खाली येणारच. अंदाज निम्मा झाला तर तीच जागा जिंकायला साधारण दुप्पट बोली लावावी लागते, आणि तुम्ही बजेट संपवायला सांगितलंय म्हणून सिस्टिम ती लावतेही. म्हणजे कंटाळलेल्या प्रेक्षकाचा दंड दोनदा बसतो, एकदा क्लिक न मिळाल्याचा आणि एकदा जागा महाग झाल्याचा.

यामागे जी गोष्ट आहे ती जाहिरातीपेक्षा फार जुनी. मेंदू, अगदी साध्या प्राण्यांचाही, परत परत येणाऱ्या निरुपद्रवी गोष्टीला प्रतिसाद देणं कमी करतो, याला सरावणं म्हणतात. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते तसं. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी १९६६ साली या सरावण्याची नऊ लक्षणं मांडली, आणि त्यातली तीन मला कामात रोज दिसतात. पहिलं, सरावणं सारख्या दिसणाऱ्या गोष्टींनाही लागू होतं. म्हणून बटणाचा रंग बदलला, वर "ऑफर" लिहिलं, गाणं बदललं, तर मेंदूला तो नवा व्हिडिओ वाटतच नाही, पहिल्या क्षणात तोच धुरळा दिसला की अंगठा वर. दुसरं, थोडा काळ गोष्ट समोर आलीच नाही तर प्रतिसाद आपोआप परत येतो. आणि तिसरं, असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी माणूस जास्त लवकर सरावतो. ही तिन्ही लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

एक मात्र सांगायला हवं, दुसऱ्यांदा दिसणं म्हणजे वाईटच असं अजिबात नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की नुसतं पुन्हा पुन्हा दिसण्यानेही एखादी गोष्ट आवडायला लागते. सुरुवातीला ओळख वाढते, विश्वास वाढतो, मग कंटाळा त्यावर मात करतो. नेमका कितव्या वेळी याचा एकच आकडा नाही, म्हणून "फ्रिक्वेन्सी तीन झाली की अ‍ॅड बंद" असले ठोकताळे मला पटत नाहीत. शिवाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे एका माणसाला जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, ही सरासरी असते. सरासरी तीन म्हणजे कोणी एकदा बघितलंय, कोणी अकरा वेळा, आणि तो आकडा तुम्हाला हे सांगत नाही.

त्यापेक्षा मी एक वजाबाकी करतो, दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतचा रीच, म्हणजे जाहिरात एकूण किती वेगवेगळ्या माणसांना दिसली ते, बघायचा, मग पहिल्यापासून पस्तिसाव्यापर्यंतचा, आणि वजा करायचा. ताईंचे आकडे १,९२,००० आणि १,९८,५००. म्हणजे अख्ख्या पाचव्या आठवड्यात जाहिरात लाखभर वेळा दिसली, आणि त्यात नवीन माणसं फक्त ६,५००! पहिल्या आठवड्यात ८५,००० माणसं होती आणि सगळी नवीन. तुम्ही म्हणाल तिन्ही शहरं मिळून प्रेक्षक दोन लाखच कसे, तर सिस्टिम सगळ्यांना दाखवतच नाही, ज्या घेतील असं वाटतं त्यांच्याच भोवती फिरते, म्हणून खरं तळं सेटिंगमध्ये दिसणाऱ्या आकड्यापेक्षा बरंच लहान असतं.

आता हे आधी कसं ओळखायचं? मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये डिलिव्हरीच्या रकान्यात `Creative fatigue` असं येतं, पण ते कधी, तर प्रति रिझल्ट खर्च तुमच्या आधीच्या जाहिरातींच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त झाल्यावर. त्याआधी, खर्च वाढलाय पण दुप्पट नाही अशा वेळी `Creative limited` येतं. दोन्ही खर्चावर बसवलेले, म्हणजे घागर फुटल्यावर कळणार.

ऑर्डरी मोजूनही लवकर कळत नाही, कारण ऑर्डरी थोड्या असतात. दिवसाला सरासरी दहा ऑर्डरी असतील तर आज सात आणि उद्या तेरा हे निव्वळ नशिबाने होतं, दहाचं वर्गमूळ साधारण तीन, तेवढं वरखाली धरूनच चालायचं. तिसऱ्या आठवड्यात ताईंच्या ऑर्डरी ७२ वरून ६० वर आल्या होत्या, आणि तेवढा फरकही नुसत्या योगायोगाने पडू शकतो. मी तेव्हा तसंच समजलो. पण त्याच तक्त्यात दुसरा एक रकाना होता, `3-second video plays`, म्हणजे किमान तीन सेकंद व्हिडिओ किती वेळा चालला. त्याला जाहिरात दिसण्याच्या आकड्याने भागलं की शंभरातले कितीजण थांबले ते कळतं. पहिल्या आठवड्यात ३१, तिसऱ्यात २५, पाचव्यात १९. सव्वा लाख वेळा दिसलेल्या जाहिरातीत ३१ चे २५ होणं हा योगायोग नसतो. मोठे आकडे लवकर बोलतात, छोटे उशिरा, आणि मी छोट्यांकडे कान लावून बसलो होतो. चौथ्या आठवड्यात तर ऑर्डरी कमी म्हणून दोन दिवस बजेट वाढवलं, म्हणजे त्याच थकलेल्या लोकांना तेच आणखी वेळा दाखवलं आणि त्याचे ताईंच्या खिशातून पैसे दिले. त्याचं आजही वाईट वाटतं.

खर्च वाढला की दर वेळी दोष व्हिडिओचाच असतो असंही नाही. दिवाळीच्या आधी सगळेच जाहिराती करतात, तेव्हा सीपीएम वाढतो पण क्लिकचं प्रमाण जागेवर राहतं आणि तुमच्या सगळ्याच जाहिराती एकदम महाग होतात. क्लिक ठीक पण ऑर्डरी पडल्या तर वेबसाइट उघडून बघा, कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय गायब झालेला सापडेल. थकव्याची खूण वेगळी: जुन्या व्हिडिओवर थांबणारे कमी, क्लिक कमी, नवीन माणसं कमी, आणि त्याच प्रेक्षकांना दाखवलेला नवा व्हिडिओ मात्र नीट चालतोय.

थांबणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या आठवड्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने घसरलं की नवं शूट सुरू करायचं हा आता माझा नियम. पाचवा हिस्साच का, तर ताईंकडे ती खूण दिसल्यापासून खर्च दुप्पट व्हायला दोन आठवडे लागले, आणि त्यांना नवीन व्हिडिओ करायला बारा दिवस लागतात, पाहुणे, मिरचीचा सीझन, सगळं सांभाळून. ज्याचं शूट तीन दिवसांत होतं त्याने थोडं थांबलं तरी चालेल.

आम्ही तीन व्हिडिओ केले आणि तिन्हींचा पहिला क्षण मुद्दाम पूर्ण वेगळा ठेवला. एकात ताई कॅमेऱ्यात बघून विचारतात, "घरी तांबडा रस्सा का जमत नाही?" दुसऱ्यात ठाण्यातली एक गिऱ्हाईक पार्सल फोडते. तिसऱ्यात कोणी बोलतच नाही, ताईंच्या सासूबाई वाटीत मसाला घेतात, त्यावर कच्चं तेल सोडतात, बोटाने कालवतात आणि गरम भाकरीचा तुकडा त्यात बुडवतात.

हे चालवताना एक अडचण येते. एकाच बजेटवर आणि प्रेक्षकांवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला अ‍ॅड सेट म्हणतात. नवीन जाहिराती जुन्याच अ‍ॅड सेटमध्ये टाकल्या तर सिस्टिम बरेचदा सवयीच्या जुन्यालाच पैसे देत राहते आणि नव्या उपाशी मरतात, शिवाय जाहिरात वाढवली की कोणाला दाखवायचं हे सेटचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून, आणि त्याला आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी लागतात. म्हणून रोज एक टाकत बसायचं नाही. आम्ही २,००० मधले ५०० काढून वेगळा सेट केला, तिन्ही एकदम टाकल्या आणि जुनी चालू ठेवली. ५०० रुपयांत आठवड्याला ५० ऑर्डरी येणं शक्यच नव्हतं, मग निकाल थांबणाऱ्यांवर आणि क्लिकवर लावला. रश्श्यावर २२ थांबले, पार्सलवर १८, भाकरीवर ३४. तीनपैकी एक चालला, आणि माझ्या अनुभवात हे प्रमाण वाईट नाही.

भाकरीच्या व्हिडिओला मुख्य बजेट दिलं, तीच पोस्ट वापरली म्हणजे खालच्या कमेंट आणि लाइक तशाच राहिल्या, आणि ऑर्डर २११ रुपयांवर आली. डंकाचा व्हिडिओ पूर्ण बंद केला. सात आठवड्यांनी तो परत लावला तेव्हा थांबणारे २८ होते, म्हणजे विश्रांतीने बराचसा परत आला. पण पहिल्या वेळी २५ वर घसरायला तिसरा आठवडा उजाडला होता, या वेळी बाराव्या दिवशीच २२. ताईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे, सासूबाईंचा दुसरा घेतलाय कालच, या वेळी पिठल्यावर."