टाइलला भोक पाडणारे दोन डायमंड होल सॉ: पाण्यावरचा आणि कोरडा

दोन्ही पोकळ नळीसारखे, दोन्हींच्या तोंडाशी हिऱ्याचा चुरा. एकाच मापाचे दोन्ही शेजारी ठेवले तर नवखा माणूस हाताला येईल तो उचलतो. तिथेच घोटाळा होतो, कारण हे दोन्ही अगदी उलट पद्धतीने चालवायचे असतात.

पहिल्यात हिऱ्याचे कण निकेलच्या मुलाम्याने नळीला चिकटवलेले असतात. नळी पातळ असते, तोंड करडं आणि बारीक सँडपेपरसारखं लागतं. हा साध्या ड्रिल मशीनला लावायचा आणि सतत पाणी देत हळू फिरवायचा. दुसऱ्यात कण निर्वात भट्टीत धातू वितळवून पोलादावर बसवलेले असतात. त्याचे कण मोठे आणि ठळक उठलेले दिसतात, नळी जाड असते आणि मागे बहुधा ग्राइंडरला बसणारे एम-१४ आटे असतात. हा ग्राइंडरवर, कोरडाच चालतो. मात्र नुसती मागची बाजू पाहून ओळखू नका. कोरड्यातही ड्रिलला बसणारे प्रकार मिळतात, तेव्हा कण पाहायचे.

फरक किती मोठा आहे ते २८ मिमीच्या होल सॉवर पाहू. ड्रिलवर मिनिटाला ६०० फेरे दिले तर त्याची कड सेकंदाला सुमारे ०.९ मीटर सरकते. ग्राइंडरच्या ११,००० फेऱ्यांवर तीच कड सुमारे १६ मीटर सरकते. एवढ्या घर्षणात मुलाम्याचे कण काही क्षणांत गळून पडतात आणि उरते ती गुळगुळीत नळी. ती टाइल कापत नाही, फक्त तापवते. भोकाभोवतीचा भाग तापून फुगतो, शेजारचा थंडच राहतो आणि या ताणाने ग्लेजवर केसासारखी चीर उमटते. उलट चूकही होते, पण तिचं नुकसान कमी: कोरडा सॉ ड्रिलवर संथ लावला तर तो घासत बसतो, वेळ जातो आणि माणूस वैतागून जोर लावू लागतो.

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. व्हिट्रिफाइड टाइलमधून अर्धा इंची जीआय पाइप बाहेर काढायचा आहे. पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी, म्हणून २८ मिमीचं भोक पुरतं. चारी बाजूंनी तीनेक मिमी जागा राहते आणि ती नळाच्या चकतीखाली झाकली जाते. पाइपच्या मापाचंच भोक पाडू नका; टाइल बसवताना जरा सरकली की पाइप कडेवर दाब देतो आणि टाइल तिथूनच तडकते.

पाण्याच्या सॉने करायचं असेल तर टाइल लाकडी फळीवर सपाट ठेवा, चकाकी वर. हॅमर मोड बंद. या सॉला मध्ये टोकदार बिट नसतो, म्हणून सरळ टेकवला की तो ग्लेजवरून घसरतो. सुरुवातीला तो तिरपा धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग फिरत्या सॉला हळूहळू उभं करा. भोकाभोवती पुट्टीची पाळ करून पाणी साठवलं तर हात मोकळे राहतात. दुधासारखा गाळ येत असेल तोवर सगळं ठीक. वाफ आली किंवा कापणं मंदावलं की थांबा. पाणी कमी पडतंय किंवा सॉ झिजलाय, त्यावर जोर हा उपाय नाही. मधून मधून सॉ उचलला की गाळ बाहेर निघतो.

कोरड्या सॉचीही सुरुवात तिरपीच, पण पुढे तो एका जागी दाबून धरायचा नाही. ग्राइंडर बारीक वर्तुळात डोलवत राहायचा, म्हणजे एका वेळी कडेचा थोडाच भाग टाइलला लागतो, बाकीच्याला हवा मिळते आणि धूळ सुटते. त्यामुळे भोक मापापेक्षा किंचित मोठं होतं, तेवढं धरून चाला. तापलेल्या टाइलवर गार पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या. ग्राइंडर चालू असताना पाण्याची धार तर नकोच, विजेचा धोका आहे. धूळ सिलिकाची असते, त्यामुळे मास्क आणि चष्मा हवाच.

शेवटचे दोन मिमी दोन्हींत सारखेच नाजूक. आवाज बदलतो, तिथे दाब जवळजवळ काढून घ्या, नाहीतर मागच्या बाजूचे कपचे उडतात.

टाइल भिंतीवर आधीच बसलेली असेल तर आधी टकटक करून पाहा. भोकाच्या जागी पोकळ आवाज आला तर मागे आधार नाही. तिथे पाण्याचा सॉ आणि हलका हात बरा. उभ्या भिंतीवर पाणी साठत नाही, म्हणून झाकणाला छिद्र पाडलेली बाटली दुसऱ्याने वरून धरावी. पाणी मशीनकडे ओघळू देऊ नका. भिंतीतली वायर किंवा पाइप कुठून गेलाय हे मात्र त्याआधी तपासलेलं हवं.