डझन आणि डझनभर

आंब्याच्या पेटीवर ‘पाच डझनी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा आत साठ फळं असलीच पाहिजेत. एकोणसाठ निघाली तर गिऱ्हाईक परत येतं, आणि त्याचं बरोबर असतं. पेटीचा आकार साधारण तोच असल्यामुळे चार डझनीतला आंबा मोठा आणि पाच डझनीतला लहान. समजा दोन्ही पेट्यांचा भाव २४०० रुपये सांगितला, तर पहिलीत फळ ५० रुपयांना पडतं, दुसरीत ४० ला. इथला डझन म्हणजे पैशाचा हिशेब, त्यात ढिलाईला जागा नाही.

आता हे वाक्य बघा: ‘काल डझनभर माणसं जेवायला होती.’ कोणी पानं मोजत नाही. दहा असतील, चौदाही असतील. फरक पडला तो ‘भर’मुळे. हा ‘भर’ तांब्याभर पाण्यातला, मूठभर तांदळातला. तांब्या भरेल इतकं पाणी, तसा डझन भरेल इतकी माणसं. मापाचं भांडं असलं, तरी काठापर्यंत भरलंय की नाही हे कोण बघतो?

शंका असेल तर दोन्ही शब्द वाक्यात घालून पाहावेत. ‘डझनाला काय भाव?’ असं विचारतो, ‘डझनभराला काय भाव?’ असं नाही. सव्वा डझन, दीड डझन, अर्धा डझन चालतात, पण ‘दीड डझनभर’ कानाला खटकतं. उलट ‘डझनभर तरी’ किंवा ‘चांगले डझनभर’ अगदी सहज येतं, कारण अंदाजाला असेच शब्द चिकटतात.

गंमत म्हणजे केळीवाल्याला ‘डझनभर केळी द्या’ म्हटलं, की तो निमूट बारा मोजून देतो. बोलणारा सैल, देणारा काटेकोर! नगावर भाव ठरला की ‘भर’चा सैलपणा गळून पडतो. बातमीत मात्र उलटं: ‘अर्धा डझन नेते नाराज’ असं वाचून कोणी नेमके सहा शोधत नाही, ‘भर’ नसतानाही.

शेकड्याचंही असंच. ‘शेकडा पाच’ म्हणजे शंभरात नेमके पाच. ‘शेकडो’ म्हटलं की मोजणं संपलं. वीस नगांच्या ‘कोडी’चा असा सैल भाऊ मला तरी ऐकू आलेला नाही.

‘जोड’ची गोष्ट निराळी. डाव्या पायाच्या दोन चपला दोन आहेत, पण त्यांचा जोड होत नाही. बैलजोडीतही दोन बैल एका जुवाखाली चालायला हवेत. तिथे नुसती संख्या पुरत नाही, एकाला दुसरा शोभावा लागतो. म्हणून अंदाजाने दोन सांगायचे असतील तेव्हा आपण ‘जोडी’ म्हणतच नाही. ‘दोन-चार दिवसांत येतो’ म्हणतो, आणि आठवड्याने उगवतो.