सुरण खाजतो तो कशामुळे, आणि चिंच नेमकं काय करते

सुरणाची भाजी खाऊन घसा खाजला की सगळे म्हणतात चिंच कमी पडली. बऱ्याचदा दोष चिंचेचा नसतो, सुरण आतून कच्चा राहिलेला असतो.

सुरणाच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या अगदी बारीक सुया जुडग्यांनी भरलेल्या असतात. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण सुरण चिरला किंवा चावला की त्या बाहेर पडतात आणि कातडीत, जिभेत, घशात रुततात. नुसतं टोचणंच असतं तर एवढी आग झाली नसती, सोबत रसातली काही प्रथिनंही त्या बारीक जखमांत शिरतात असं मानतात. शिजवल्यावर प्रथिनं बिघडतात, सुया मात्र उकळत्या पाण्यात विरघळत नाहीत. चिंच, आमसुलाचं आम्ल खाज कमी करायला मदत करतं, पण ते सौम्य असतं, सगळ्या सुया विरघळवेल एवढी ताकद त्यात नाही.

मी एकदा अर्धा किलो सुरणाचे काप केले होते, अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवले आणि थेट तव्यावर परतले. पातळ काप मस्त झाले, पण बोटाएवढे जाड होते ते वरून लाल खरपूस आणि तोडून बघितलं तर मधे पांढरट, करकरीत, आणि खाज त्यांचीच आली. आता मी आधी इंचभर फोडी मीठ आणि लिंबाएवढ्या चिंचेच्या कोळात उकळते, उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं, सगळ्यात जाड फोडीत सुरी अलगद गेली पाहिजे, मग ते पाणी फेकून देते कारण सुयांशिवाय जे पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेट असतं ते त्यात उतरतं. तरी पूर्ण जात नाही, म्हणून ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा.

चिरताना हात कोरडे हवेत आणि तेल चोळलेले, नाहीतर बोटांच्या बेचक्यात जी खाज सुटते ती लवकर थांबत नाही. म्हणून माती आधीच धुवून गड्डा पुसून घ्यायचा, साल जाड काढायची, आणि फोडी नंतर धुवायच्या. शिजल्यावर एक छोटा तुकडा चावून दोन-चार मिनिटं थांबा, चुरचुरलं तर अजून शिजवा. खाल्ल्यावर जीभ किंवा घसा सुजला, श्वासाला त्रास व्हायला लागला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

घेताना आकाराच्या मानाने जड आणि कडक गड्डा बघा, वरच्या कोंबाच्या खळग्यात अंगठा दाबून बघा, मऊ लागला तर कूज तिथूनच आत गेलेली असू शकते. चिरलेला तुकडा असेल तर कापलेली बाजू घट्ट आणि ओलसर हवी, चिकट, आंबूस वासाची किंवा काळपट डागांची नको. रंग पांढरट असो की गुलाबी-केशरी, तो जातीवर जातो. खाजेचा अंदाज रंगापेक्षा अंगावरून थोडा येतो: गजेंद्रसारख्या कमी खाजऱ्या जातीचा गड्डा गुळगुळीत असतो, त्यावर बाजूला छोटे गड्डे फुटलेले नसतात.