वय झालं की नवी सिस्टीम जमत नाही?

“निवृत्तीला तीन वर्षं उरली. नवी सिस्टीम आता डोक्यात शिरायची नाही, तरुण पोरं पुढे जाणार. खरं ना?”

अर्धंच खरं. वयानुसार प्रतिक्रियेचा वेग मंदावतो. पण मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी 1984 मध्ये 19 ते 72 वयाच्या टायपिस्टांची चाचणी घेतली, तेव्हा ज्येष्ठांची बोटं प्रतिक्रियेला मंद असूनही टायपिंगचा वेग कमी नव्हता. त्यांची नजर मजकुरात जास्त पुढची अक्षरं टिपत होती. अर्थात, हा फायदा मुरलेल्या कामातच मिळतो. नव्या स्क्रीनवर सगळेच नवखे.

गाडी अडते ती बहुधा प्रशिक्षणात. तासाभराच्या डेमोत शिकवणारा भराभर क्लिक करतो आणि आपण नुसते बघतो. त्याऐवजी रोजचं एकच काम घ्या, समजा बिलाची नोंद. सिस्टीमच्या सरावासाठीच्या चाचणी लॉगिनमध्ये माउस स्वतःच्या हातात ठेवून ती करा, दुसऱ्या दिवशी टिपण न बघता पुन्हा, मग आठवड्याने. अडलात तर तेवढीच पायरी विचारा. आठवड्यानंतरही टिपणाशिवाय नोंद झाली, तरच पुढचं काम घ्या. लगेच जमलं म्हणजे लक्षात राहिलं असं नसतं, आणि हे पंचविशीतल्यांनाही लागू आहे.