'इकडे आड तिकडे विहीर' की 'आगीतून फुफाट्यात'?

दोन्ही म्हणी अडचणीच्या, म्हणून लोक सर्रास एकीच्या जागी दुसरी टाकतात, पण फरक मोठा आहे आणि तो एकाच प्रश्नाने कळतो: माणूस अजून जागेवरच उभा आहे, की तिथून निघालाय?

स्लाइड १: इकडे आड तिकडे विहीर

शब्दशः: आड म्हणजे वाड्याच्या परसात असायचा तो अरुंद, खोल, पायऱ्या नसलेला, दोर-पोहऱ्याने पाणी शेंदायचा. विहीर त्यापेक्षा रुंद. मधल्या चिंचोळ्या जागेत तुम्ही उभे, आणि कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी आत.

खरा अर्थ: दोनच पर्याय, दोन्ही वाईट, आणि अजून निवड झालेली नाही. म्हणून दोन चांगल्या जॉब ऑफर हातात असताना ही म्हण वापरू नका, तिथे नुसती द्विधा मनःस्थिती आहे.

आजचा वापर: पुण्यात भाड्याच्या फ्लॅटचं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपतंय, मालक भाडं एकदम वाढवतोय, आणि सोडायचं म्हटलं तर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, नवीन डिपॉझिट, टेम्पोचा खर्च, वर मुलांची शाळा लांब पडणार. राहावं तरी खिशाला कात्री, सोडावं तरी तेच. इकडे आड तिकडे विहीर!

स्लाइड २: आगीतून फुफाट्यात

शब्दशः: फुफाटा म्हणजे गरम राख. वरून विझल्यासारखी दिसते पण आत निखारे असतात, आणि माझ्या मते म्हणीचा सगळा जीव इथेच आहे, कारण आगीतून उडी मारणारा माणूस सुटलो म्हणूनच तिथे पाय ठेवतो.

खरा अर्थ: एका संकटातून निघालात आणि दुसऱ्यात पडलात. पहिलं मागे सुटलेलं पाहिजे, नाहीतर म्हण लागू होत नाही.

आजचा वापर: तेच कुटुंब. शेवटी शिफ्ट झाले, भाडं कमी मिळालं म्हणून खूश, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की सोसायटीत बोअर आटतो, टँकर मागवावे लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये वेगळे लागतात. भाडेवाढीतून सुटले आणि टँकरमध्ये अडकले, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

स्लाइड ३: आणि इथे दोन्ही चुकतात

टँकर चालूच आहेत आणि त्यात लिफ्ट पण बंद पडली, तर बरेच जण 'आगीतून फुफाट्यात' लिहितात. पण पाण्याचा त्रास सुटलाय कुठे? तो आहेच, त्यात भर पडली. यासाठी 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणायचं, म्हणजे आधीच धान्य नाही आणि त्यात नेमका अधिक महिना आला, घरच्यांना अजून एक महिना खाऊ घालायचं. चौथ्या मजल्यावर आजी राहतात, नळाला पाणी नाही, लिफ्ट बंद, आणि खाली टँकर आलाय म्हणून बादल्या घेऊन जिना चढायचा, तेव्हा हीच म्हण बसते.